अर्ध्या तिकिटाचा इतिहास : रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत का गेली आणि एसटीची का राहिली?

१/
२० मार्च २०२०. त्या मध्यरात्रीपासून भारतीय रेल्वेने सवलतीच्या दरातील बहुतेक तिकिटे देणे थांबवले. कारण करोनाची साथ हे होते. वृद्धांनी अनावश्यक प्रवास टाळावा, असा आदेशाचा हेतू सांगितला गेला. दोनच दिवसांनी जनता कर्फ्यू लागला आणि प्रवासी गाड्याही थांबल्या. पुढे गाड्या सुरू झाल्या, मुखपट्ट्या उतरल्या, फलाटांवरची गर्दी परतली. ज्येष्ठांची सवलत मात्र परतली नाही. त्याच महाराष्ट्रात, त्याच काळात, एसटीच्या सवलती वाढत गेल्या. या दोन वाटा वेगळ्या का झाल्या, याचा हा धागा.

२/
प्रथम काय होते ते पाहू. मार्च २०२० पर्यंत रेल्वेत साठ वर्षे पूर्ण केलेल्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळत असे. मेल-एक्स्प्रेसपासून राजधानी-शताब्दीपर्यंत, सर्व वर्गांत ती लागू होती. तिकीट काढताना वयाचा पुरावा द्यावा लागत नसे. अर्जावर वय लिहायचे, सवलतीची इच्छा नोंदवायची आणि प्रवासात तिकीट तपासनीसाने विचारल्यास ओळखपत्र दाखवायचे, एवढेच. तत्काळ कोट्यात मात्र ही सवलत कधीच नव्हती.

३/
हे आकडे एका दिवसात ठरलेले नाहीत. पुरुषांची सवलत पूर्वी ३० टक्के होती. २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तत्कालीन रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी ती ४० टक्के केली आणि स्त्रियांची वयोमर्यादा साठवरून अठ्ठावन्नवर आणली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प देशाच्या मुख्य अर्थसंकल्पाहून वेगळा मांडला जाई. मंत्र्यांचे ते भाषण देशभर ऐकले जाई, आणि नव्या गाड्यांबरोबर नव्या सवलतींची घोषणा हा त्याचा ठरलेला भाग असे.

४/
म्हणजे सवलत जन्माला येई ती भाषणातून, आणि अमलात येई ती रेल्वे मंडळाच्या परिपत्रकातून. तिच्यामागे स्वतंत्र कायदा नव्हता. २००७ साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा केला. त्यात साठ वर्षांवरील व्यक्ती ज्येष्ठ ठरते. मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा अधिकार त्यात आहे, पण प्रवासभाड्यातील सवलतीचा अधिकार नाही. जे परिपत्रकाने मिळाले ते परिपत्रकाने जाऊ शकत होते. २०१७-१८ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाची प्रथाही संपली, आणि दर वर्षी सवलतींची उजळणी करणारे ते व्यासपीठही उरले नाही.

५/
सवलतीचा हिशेब प्रत्यक्षात कसा होत असे, तेही पाहू. स्लीपर वर्गाचे मूळ भाडे सोयीसाठी ४०० रुपये धरू. त्यावर आरक्षण शुल्क २० रुपये आणि अतिजलद गाडी असल्यास अधिभार ३० रुपये, म्हणजे पूर्ण तिकीट ४५० रुपये. मेल-एक्स्प्रेस गाड्यांत सवलत केवळ मूळ भाड्यावर मिळे. त्यामुळे साठीच्या पुरुषाला २४० अधिक ५० असे २९० रुपये पडत आणि स्त्रीला २०० अधिक ५० असे २५० रुपये. कागदावर ४० टक्के असलेली सूट खिशात सुमारे ३६ टक्के होई, आणि ५० टक्क्यांची ४४. ‘अर्धे तिकीट’ हा शब्द रूढ झाला, पण तिकीट नेमके अर्धे क्वचितच असे.

६/
आता या इतिहासातील कळीचा प्रश्न. त्या ४५० आणि २९० मधले १६० रुपये कोण भरत होते? उत्तर असे की, कोणीच भरत नव्हते. रेल्वे ते उत्पन्न सोडून देत होती. केंद्राच्या तिजोरीतून त्या नेमक्या रकमेची भरपाई रेल्वेला तिकिटागणिक मिळत नसे. मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी वाहतुकीचा तोटा भरून काढण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यातच हे १६० रुपये विरघळून जात. हिशेबात त्यांचे नाव ‘सोडून दिलेले उत्पन्न’ असे.

७/
हा आकडा लहान नव्हता. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ज्येष्ठांच्या सवलतीपोटी रेल्वेने २०१७-१८ मध्ये १,४९१ कोटी, २०१८-१९ मध्ये १,६३६ कोटी आणि २०१९-२० मध्ये १,६६७ कोटी रुपयांचे उत्पन्न सोडले. रेल्वेच्या सवलतींचे प्रकार पन्नासहून अधिक होते. खेळाडू, पत्रकार, युद्धातील शहिदांच्या पत्नी, रुग्ण, विद्यार्थी असे अनेक. पण सवलतींच्या एकूण भाराचा सर्वांत मोठा हिस्सा एकट्या ज्येष्ठांचा होता. म्हणून खर्चाची कात्री शोधणाऱ्या नजरेला प्रथम तोच दिसे.

८/
ही नजर करोनाच्या आधीपासून होती, हे विसरू नये. जुलै २०१६ मध्ये सवलत ऐच्छिक झाली. म्हणजे वय लिहिले की सूट आपोआप लागेनाशी झाली, प्रवाशाला ती मागावी लागू लागली. जुलै २०१७ मध्ये ‘सवलत सोडा’ ही योजना आली. ज्येष्ठ प्रवाशाने पूर्ण सवलत घ्यावी, अर्धी सोडावी किंवा पूर्ण सोडावी, असे तीन पर्याय समोर ठेवले गेले. स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान सोडण्याच्या आवाहनाचीच ही आवृत्ती होती.

९/
प्रतिसाद काय मिळाला? महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी केली, तेव्हा पाहणीतील ज्येष्ठ प्रवाशांपैकी शंभरात चौघांच्या आसपास लोकांनीच सवलत अंशतः वा पूर्ण सोडल्याचे दिसले. हा आकडा दोन प्रकारे वाचता येतो. ज्येष्ठ स्वार्थी आहेत, असे काहींनी म्हटले. पण निवृत्तिवेतन नसलेल्या, वर्षातून दोनदा मुलाकडे किंवा दवाखान्यात जाणाऱ्या माणसाने १६० रुपये का सोडावेत, असाही त्याचा अर्थ होतो. स्वेच्छेने जे घडले नाही, ते तीन वर्षांनी आदेशाने घडले.

१०/
मार्च २०२० च्या आदेशातून तीन गट वगळले होते : दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी. त्यांच्या सवलती चालू राहिल्या आणि आजही आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘विशेष’ गाड्यांचा बिल्ला निघाला आणि नियमित गाड्या पूर्ववत झाल्या. साथीचे कारण तेव्हाच क्षीण झाले होते. त्यानंतर कारणाची भाषा बदलली. आरोग्याची जागा हिशेबाने घेतली. मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत सुमारे ७ कोटी ३१ लाख ज्येष्ठांनी सवलतीविना प्रवास केला, आणि त्यातून रेल्वेला सुमारे १,५०० कोटी रुपये जास्तीचे मिळाले, हे माहितीच्या अधिकारातील उत्तरातून पुढे आले.

११/
सरकारची बाजूही नीट मांडली पाहिजे. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत वेळोवेळी सांगितले की, प्रवासी भाडे मुळातच खर्चाहून खूप कमी आहे. प्रवासाचा खर्च शंभर रुपये असेल, तर प्रवाशाकडून सरासरी चौपन्न रुपयेच घेतले जातात. म्हणजे ४६ टक्के सवलत प्रत्येकालाच आहे. तिची एका वर्षाची रक्कम ५६,९९३ कोटी रुपये होते. हा युक्तिवाद आकड्यांनी खरा आहे. पण त्यात एक गल्लत आहे. सर्वांना मिळणारी स्वस्ताई ही विशिष्ट गटाला दिलेल्या सवलतीची जागा घेत नाही. कमावता तरुण आणि उत्पन्न थांबलेला वृद्ध यांना एकाच भाड्याचा भार सारखा वाटत नाही, हेच तर सवलतीमागचे मूळ तत्त्व होते.

१२/
रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीने मध्यममार्ग सुचवला. निदान स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ज्येष्ठांची सवलत परत आणण्याचा विचार करावा, म्हणजे गरजू माणसाला ती मिळेल आणि प्रथम वर्गावरचा भार टळेल. शिफारस शिफारसच राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. हा शासनाच्या धोरणाचा आणि आर्थिक परिणामांचा विषय आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. चौथ्या नोंदीत म्हटले ते येथे सिद्ध झाले. कायद्याने न दिलेली गोष्ट न्यायालयाकडून मागता येत नाही.

१३/
आता एसटीकडे वळू. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. आज महामंडळ समाजातील तीसच्या आसपास घटकांना भाड्यात सवलत देते. पासष्ट ते पंचाहत्तर या वयातील ज्येष्ठांना अर्धे भाडे आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना सर्व प्रकारच्या गाड्यांत मोफत प्रवास आहे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात आलेली म्हणून ती ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धे भाडे लागू झाले. रेल्वेत दार बंद असताना येथे दोन नवी दारे उघडली.

१४/
कारण एसटीची सवलत एसटी देत नाही. ती राज्य सरकार देते आणि एसटी राबवते. समजा, पूर्ण भाडे २०० रुपये आहे. अडुसष्ट वर्षांचे आजोबा १०० रुपये देतात, उरलेले १०० महामंडळ शासनाकडे मागते. शहात्तर वर्षांच्या आजी काहीच देत नाहीत, त्यांचे पूर्ण २०० शासनाकडे मागितले जातात. याला ‘प्रतिपूर्ती’ म्हणतात. म्हणूनच मोफत प्रवास करणाऱ्या व्यक्तीलाही वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो. ते तिकीट म्हणजे महामंडळाने शासनाला पाठवायच्या बिलाची एक ओळ असते.

१५/
यातून प्रवाशाने घ्यायचा बोध साधा आहे. पंचाहत्तरीच्या पुढचे अनेक जण ‘पैसेच द्यायचे नाहीत तर तिकीट कशाला’ असे म्हणून तसेच बसतात, किंवा गर्दीत वाहक यंत्रातून ते काढत नाही. मग दोन गोष्टी घडतात. वाटेत तपासणी झाली, तर तो प्रवासी विनातिकीट ठरतो. आणि एसटीला त्या प्रवासाचा एक रुपयाही मिळत नाही. शून्याचे तिकीट मागून घ्यावे, त्यावरचा सवलतीचा प्रकार पाहावा आणि वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे.

१६/
आणखी दोन मर्यादा. पहिली : सवलती एकमेकींवर चढत नाहीत. अडुसष्ट वर्षांच्या स्त्रीला ज्येष्ठ म्हणून अर्धे आणि स्त्री म्हणून त्याचेही अर्धे, असे होत नाही. अर्धेच भाडे लागते. खरे पाहता २०२३ नंतर पासष्टी गाठल्याने स्त्रीच्या तिकिटात काहीच फरक पडत नाही. तो पुढे पंचाहत्तरीला पडतो. दुसरी : पैसे महाराष्ट्र शासन देत असल्याने सवलतही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्या आजोबांना कागलच्या पुढे हद्द संपेपर्यंतच अर्धे भाडे, आणि पुढच्या टप्प्याचे पूर्ण. वाहक चुकला असे अनेकांना वाटते, पण तो चुकलेला नसतो.

१७/
एसटीचे हे चित्र निष्कलंक मात्र नाही. शासनाकडून प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर आणि पूर्ण मिळाली नाही, तर महामंडळाच्या हातात रोख राहत नाही. डिझेल, सुटे भाग आणि पगार यांवर त्याचा ताण येतो. प्रतिपूर्ती थकल्याने कर्मचाऱ्यांचा पगार लांबल्याच्या बातम्या महाराष्ट्राने अनेकदा वाचल्या आहेत. सवलत टिकते, पण जुन्या, नादुरुस्त गाडीत उभे राहून ती उपभोगावी लागते, अशी वेळ येते. रेल्वेत सवलतीला दाता नव्हता म्हणून ती गेली. एसटीत दाता आहे, पण तो उशिरा देतो.

१८/
विद्यार्थ्यांची सवलत दोन्हीकडे का टिकली? तिची घडणच वेगळी आहे. रेल्वेत वय लिहून ती मिळत नाही. शाळा-महाविद्यालयाला रेल्वेकडून कोरे सवलत-अर्ज मिळतात. प्राचार्य त्यावर नाव, घराजवळचे स्थानक आणि संस्थेजवळचे स्थानक लिहून सही-शिक्का देतात, आणि तो अर्ज खिडकीवर दिल्यावर तिकीट मिळते. सुटीत घरी जाण्यासाठी वा शैक्षणिक सहलीसाठी द्वितीय श्रेणी व स्लीपर वर्गात सर्वसाधारण विद्यार्थ्याला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के सूट असते. ज्येष्ठांप्रमाणे वरच्या वर्गांत ती नाही. लाभ लहान, मार्ग ठरलेला आणि प्रत्येक तिकिटामागे एक जबाबदार सही. अशी सवलत हिशेबात फारशी बोचत नाही.

१९/
मुंबईच्या लोकल प्रवाशांना हा अर्ज ‘कन्सेशन फॉर्म’ म्हणून ठाऊक आहे. त्यावर विद्यार्थ्याला सीझन पास साधारण अर्ध्या किमतीत मिळतो. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात लालूप्रसाद यादव यांनी याच्याही पुढे जाऊन मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत करण्याची घोषणा केली होती. या तरतुदीविषयी अनेक पालकांना आजही कल्पना नसते. अर्ज नाकारला जाण्याचे नेहमीचे कारण मात्र क्षुल्लक असते : पत्त्यातील ठिकाण आणि अर्जावरचे स्थानक जुळत नाही. घर बदलले असेल, तर महाविद्यालयाच्या नोंदीतील पत्ता आधी बदलून घ्यावा.

२०/
एसटीत विद्यार्थी मासिक पासावर दोन तृतीयांश सूट आहे. महिन्याचे पूर्ण भाडे ९०० रुपये होत असेल, तर विद्यार्थी ३०० भरतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. ज्या गावात सातवीच्या पुढे शाळा नाही, तेथील मुलीचे शिक्षण सुटण्याचे कारण पुष्कळदा वही-पुस्तक नसून रोजचे बसभाडे असते, हे ओळखून ही योजना आखली गेली. पासासाठी आगारात रांगा लावाव्या लागत. २०२४ च्या जूनपासून शाळेने दिलेल्या यादीनुसार पास थेट शाळेत पोचवण्याचा उपक्रम एसटीने हाती घेतला.

२१/
मग रेल्वेत ज्येष्ठांसाठी आज काय उरले? भाड्यात काही नाही, पण आसनात आहे. साठीच्या पुरुषांसाठी आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बाकांचा कोटा कायम आहे. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात, तृतीय वातानुकूलितमध्ये चार-पाच. ऑनलाइन तिकीट काढताना कोट्याच्या यादीत LOWER BERTH/SR.CITIZEN हा पर्याय निवडावा. येथे बहुतेकांची चूक होते ती अशी : आजी-आजोबांबरोबर मुलगा-सून-नातवंडे एकाच तिकिटावर घातली जातात. हा कोटा पात्र व्यक्ती एकटी किंवा दोघेच असतील तेव्हाच चालतो. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढले, तर खालचा बाक मिळण्याचा संभव वाढतो.

२२/
या सगळ्या कहाणीत ‘ज्येष्ठ’ या शब्दाला एकच वय नाही, हेही दिसले असेल. रेल्वेच्या भाड्यासाठी अठ्ठावन्न आणि साठ, बाकासाठी पंचेचाळीस आणि साठ, एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी पासष्ट, मोफत प्रवासासाठी पंचाहत्तर. वय माणसाचे वाढते, पण मर्यादा तिजोरी ठरवते. म्हणून कोणतीही नवी सवलत जाहीर झाली की टक्केवारीच्या आधी एक प्रश्न विचारावा : उरलेले पैसे कोण भरणार, आणि ते कोठे लिहून ठेवले आहे? २० मार्च २०२० च्या रात्री ज्यांचे अर्धे तिकीट गेले, त्यांच्या बाजूने दाखवायला असा कागदच नव्हता.

(धागा समाप्त)